म्हणे, फिटंफाट!

बांधकामावरचा माणूस काम सोडून निघाला की त्याचा शेवटचा हिशेब मुकादमाच्या खिशातल्या वहीवर होतो. छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या एका साईटवर मी हिशेब बघायचो, तेव्हाची गोष्ट. मुकुंदवाडीच्या नाक्यावरून आलेला एक बिगारी गावी परत निघाला होता. रोज 600 रुपये. मुकादमाने वही माझ्यापुढे सरकवली. "काही निघत नाही भाऊ. फिटंफाट!"

चार आठवडे राबून शून्य? अशा वेळी मी बेरीज सोडून आधी तारखा बघतो. 28 दिवसांत रविवारच्या 4 सुट्ट्या आणि 3 खाडे, म्हणजे कामावर आला 21 दिवस. त्यातले 2 अर्धे, म्हणून 20 हजेऱ्या. स्लॅबच्या रात्री उशिरापर्यंत थांबला, त्या दिवसाची दीड धरली. एकूण साडेवीस हजेऱ्यांचे 12,300 रुपये. इथवर मुकादम चोख होता.

त्यापुढे त्याने 3 खाड्यांचे 1,800 वजा केले होते. महिन्याचा पगार बांधलेला असेल तर गैरहजेरी कापावी लागते. रोजंदारीत खाडा हजेरीत धरलेलाच नसतो. तो परत कापला की एकाच दिवसाचा रोज दोनदा जातो. काही मुकादम त्याला बिनदिक्कत 'खाड्याचा दंड' म्हणतात, पण गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेर कपात कायद्यालाही चालत नाही.

राहिले 'घेतलेले' 10,500. बिगारी म्हणाला, "दर शनिवारी दीड हजार खर्ची अन् आईच्या दवाखान्याला तीन हजार उचल. बस." म्हणजे 9,000. वहीत तिसऱ्या शनिवारी दीड हजार दोनदा पडले होते, एकदा 'रोख', एकदा 'फोनवर'. त्याच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज होता. बाकी सगळ्या रोख नोंदींपुढे निळा अंगठा, या एकीपुढे कागद कोरा. त्या दिवशी रोकड कमी पडली म्हणून मुकादमाने लिहिलेले पैसे ऑफिसातून फोनवर गेले आणि वरची ओळ खोडायची राहिली. लबाडी असेल असं मला वाटलं नाही, पण गोंधळ नेमका मजुराच्याच अंगावर का पडतो, हे कोडं मला सुटलेलं नाही.

खर्ची आणि उचल एकाच रकान्यात लिहिण्याची खोडही मुकादमाला नडली. खर्ची हा झालेल्या कामाचाच पैसा. खरी उचल तीनच हजार, ती वळती झाली. उचल कमाईपेक्षा जास्त निघाली असती तरी तिच्यापायी माणसाला कामावर अडकवून ठेवता आलं नसतं. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने ते बंद केलंय.

देणं निघालं 3,300.

"पुढच्या शनिवारी देतो," मुकादम म्हणाला.

काम सोडणाऱ्याचे पैसे 2019 च्या वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागतात, हे मी सांगितलं. तो कुरकुरला, "मग रात्रीच्या गाडीनं जाणाऱ्याला मी कुठं शोधू?"

"म्हणून तर आत्ताच द्या," बिगारी म्हणाला.