लेव्हल शून्य की लेव्हल एक? काम सुरू करण्याआधीचा तो एक मेल

क्लायंटने हो म्हटल्यावर पहिल्या २४ तासांत काय करायचं, यावर मागच्या व्हिडिओत बोललो होतो. त्याखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं: "सर, तो सुरुवातीचा मेल नेमका लिहायचा कसा? नमुना द्या ना." नमुना देतोच, पण आधी तो मेल न लिहिल्यामुळे माझे पैसे कसे गेले ते सांगतो. ते कळल्याशिवाय त्यातली एकेक ओळ कशासाठी आहे हे लक्षात येणार नाही.

दिघाशीतलं माझं दुकान स्टेशनरी आणि प्रिंटिंगचं. भिवंडी तालुक्यात मानकोली, वळ, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात गोदामंच गोदामं, त्यामुळे लेबलचं काम येत असतं. एका गोदामाचं रॅक लेबलचं काम मिळालं. रॅकच्या प्रत्येक खणाला एक पत्ता असतो आणि त्याचा बारकोड त्या खणाखाली चिकटवायचा असतो. उदाहरणार्थ `C-07-2-3` म्हणजे सी गल्ली, सातवा रॅक, दुसरी लेव्हल, तिसरा खण. तिथे ६ गल्ल्या, प्रत्येक गल्लीत १० रॅक, रॅकला ५ लेव्हल आणि लेव्हलला ४ खण होते. एकूण १२०० लेबलं.

सगळं फोनवर ठरलं. खरेदी विभागाने फक्त दर विचारला. स्टोअरवाल्यांनी "पाच लेव्हल आहेत" असं सांगितलं. मी लेव्हल १ ते ५ धरून लेबलं छापली आणि शनिवार-रविवारी पोरं लावून चिकटवूनही टाकली. सोमवारी फोन आला. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये जमिनीवरची लेव्हल शून्य होती, म्हणजे ० ते ४.

सगळ्यात वाईट काय झालं माहितीये? पाचव्या लेव्हलचं लेबल स्कॅन केलं की मशीन "असा पत्ताच नाही" म्हणायचं, त्यामुळे ती चूक लगेच दिसली. पण १ ते ४ ची लेबलं गुपचूप स्कॅन होत होती. सकाळपासून ठेवलेला माल रेकॉर्डवर एक लेव्हल वर दिसत होता. लेबलं चिकटवली नसती तर एकेक लेव्हल वर सरकवून फक्त शून्य लेव्हलची २४० नवी छापावी लागली असती. पण लोखंडावरचं स्टिकर काढताना फाटतं. १२०० लेबलं पुन्हा छापली. लेबलमागे ६ रुपये म्हणजे ७२०० रुपये, वर दोन दिवसांची मजुरी. सगळं माझ्या खिशातून.

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. स्टोअरवाल्यांच्या डोळ्यांसमोर खरंच पाच लेव्हल होत्या. शून्याची गोष्ट फक्त मुख्य ऑफिसमधल्या आयटीच्या माणसाला माहीत होती आणि त्याच्याशी मी कधी बोललोच नव्हतो. माझा प्रश्न चुकीच्या माणसाकडे गेला होता.

पुढचं तसंच काम दुसऱ्या गोदामाचं आलं, ४८० लेबलांचं. पी.ओ. हातात पडली त्याच संध्याकाळी मी मेल पाठवला. तो इंग्रजीत होता, इथे मराठीत देतो. भाषा कुठलीही चालेल, फक्त त्यांच्या स्टोअरवाल्यालाही ती सहज कळली पाहिजे.

> विषय: रॅक लेबल, ४८० नग, पी.ओ. क्र. ___ : काम सुरू, गुरुवार ५ जूनपर्यंत तीन उत्तरं हवीत
>
> नमस्कार ___ साहेब,
>
> आपली पी.ओ. मिळाली, धन्यवाद. आजपासून काम सुरू करतोय. आपलं जे ठरलं ते खाली लिहिलंय. काही चुकत असेल तर याच मेलवर कळवा.
>
> १. कामाचा उद्देश: ४ गल्ल्या × ८ रॅक × ५ लेव्हल × ३ खण = ४८० जागा. आपल्या माणसाने जमिनीवर उभं राहून, आपल्याच स्कॅनरने, प्रत्येक जागा स्कॅन करता आली पाहिजे आणि आपल्या सिस्टीममध्ये तीच जागा उघडली पाहिजे. असं झालं की काम पूर्ण.
>
> २. कोण काय ठरवणार: नंबर कसे द्यायचे: आयटी विभागातले ___ साहेब. गोदामात प्रवेश आणि चिकटवण्याची वेळ: स्टोअर इन-चार्ज ___. बिल: अकाउंट्समधल्या ___ मॅडम. आमच्याकडून मी स्वतः; मी नसलो तर माझा भाऊ, फोन ___.
>
> ३. संपर्क: दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता मी दोन ओळींत प्रगती कळवेन. तातडीचं असेल तर फोन करा. नंबर, साईज किंवा संख्या बदलायची असेल तर मात्र मेलवरच कळवा.
>
> ४. पहिलं काय मिळेल: शनिवार ७ जूनला एका रॅकची १५ लेबलं प्रत्यक्ष लावून दाखवू. सोमवार ९ जूनपर्यंत आपण स्कॅन करून होकार द्यावा. होकारानंतर चार दिवसांत बाकीची ४६५. होकार येईपर्यंत पुढची छपाई होणार नाही.
>
> ५. पेमेंट: काम स्वीकारल्यापासून ३० दिवसांत, पी.ओ.प्रमाणे.
>
> आपल्याकडून हवी असलेली उत्तरं: (अ) जमिनीवरची लेव्हल ० की १? (आ) जागांच्या पत्त्यांची यादी एक्सेलमध्ये मिळेल का? (इ) कुठला स्कॅनर वापरता?

आता एकेक मुद्दा बघू.

उद्देश. इथे बहुतेक जण "४८० लेबल छापून देणे" असं लिहितात. ते काम झालं, उद्देश नव्हे. क्लायंटला लेबल नकोय, त्याला माल सापडायला हवाय. "जमिनीवर उभं राहून स्कॅन झालं पाहिजे" ही ओळ वाचून आयटीच्या साहेबांचं उत्तर आलं: "आमचे स्कॅनर जवळून वाचणारे आहेत, वरच्या दोन लेव्हलचं लेबल खालून वाचलं जाणार नाही." मग त्या लेव्हलची लेबलं डोळ्यांच्या उंचीवर, वर बाण दाखवून लावायची असं ठरलं. ४८० लेबलं लावून झाल्यावर हे कळलं असतं तर? म्हणून उद्देश असा लिहा की समोरच्याला तो तपासता येईल. "चांगल्या दर्जाची लेबलं" हे तपासता येत नाही. "स्कॅन केल्यावर तीच जागा उघडते" हे तपासता येतं.

माणसं. नुसती नावं आणि नंबर लिहून उपयोग नाही. कुठल्या गोष्टीवर कुणाचा शब्द शेवटचा, ते लिहा. मेल ज्याने ऑर्डर दिली त्याला पाठवा आणि बाकी ज्यांची नावं मेलमध्ये आहेत त्या सगळ्यांना सीसीत ठेवा. मग स्टोअरवाला आणि आयटीवाला एकच कागद वाचतात आणि त्यांच्यातला फरक तुमच्या खर्चाने नाही, त्यांच्या आपसातल्या फोनवर मिटतो. एक सांभाळा: कुणाला सीसीत घ्यायचं हे ऑर्डर देणाऱ्याला आधी विचारा. न विचारता त्याच्या साहेबांना मेल गेला तर त्याला वाटतं तुम्ही त्याची तक्रार करताय.

संपर्काची वेळ. "रोज अपडेट देतो" असं उत्साहात लिहू नका. तिसऱ्या दिवशी दुकानात गर्दी असते, अपडेट राहून जातं आणि क्लायंटला वाटतं काम अडकलं. जेवढं नक्की जमेल तेवढंच लिहा आणि ते न चुकता पाळा. व्हॉट्सअॅप बंद करा असं मी म्हणत नाही, ते बंद होणारच नाही. नियम एवढाच: बदल व्हॉट्सअॅपवर किंवा फोनवर आला, की मी त्याच मेलवर रिप्लाय ऑल करून लिहितो, "आज फोनवर ठरल्याप्रमाणे असा बदल." दोन मिनिटांचं काम आहे.

पहिलं काय मिळेल. हे छोटं ठेवा, लवकर द्या आणि असं निवडा की मोठी चूक त्यातच पकडली जाईल. मी १५ सुटी लेबलं दाखवायला नेली नाहीत, एक पूर्ण रॅक लावला, कारण माझी आधीची चूक लेव्हलमध्ये होती आणि लेव्हल रॅकवरच कळते. शिवाय "होकार येईपर्यंत छपाई नाही" या ओळीमुळे तारखेची जबाबदारी दोघांवर येते. त्यांचा होकार दोन दिवस उशिरा आला तर तुमचीही तारीख दोन दिवस पुढे जाते, आणि हे आधीच लिहिलेलं असतं.

पेमेंटची ओळ. ही ओळ लाजून गाळू नका. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ मधल्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. हे दिवस काम स्वीकारल्यापासून मोजतात. काम दिल्यावर १५ दिवसांत क्लायंटने लेखी हरकत घेतली नाही, तर काम दिलेल्या दिवशीच ते स्वीकारलं असं धरतात. म्हणून काम पोचल्याची तारीखही त्याच मेलवर टाका. मात्र उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच केलेली बरी. आणि मेलमध्ये "पेमेंट तुमच्या सोयीने" असं चुकूनही लिहू नका.

"पण सर, मेलला कायद्यात किंमत आहे का?" आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणावरून तो अमान्य ठरत नाही. पण मर्यादाही लक्षात घ्या. हा मेल पी.ओ.च्या जागी येत नाही. पी.ओ.त ४५ दिवस असतील आणि तुम्ही मेलमध्ये ३० लिहिले, तर भांडणच उभं राहील. म्हणून लिहिण्याआधी पी.ओ. शेजारी उघडून ठेवा आणि फरक दिसला तर आधी फोन करून तो मिटवा.

मेल नीट पोचलाय की नाही हे उत्तरावरून कळतं. नुसता अंगठा किंवा "ओके" आला तर समजा की कुणी वाचलेला नाही. म्हणूनच मी शेवटी तीन प्रश्न ठेवतो. त्यांची उत्तरं मेल वाचल्याशिवाय देताच येत नाहीत. ठरलेल्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही तर दुसरा मेल नाही, सरळ फोन करायचा: "साहेब, जमिनीवरची लेव्हल शून्य की एक, एवढं सांगा, मशीन थांबलंय."

दुसऱ्या गोदामाचं उत्तर बुधवारी आलं. जमिनीवरची लेव्हल एक. म्हणजे पहिल्या अनुभवावरून शहाणा होऊन मी शून्य धरून छापलं असतं, तर पुन्हा बुडालो असतो.

तुमच्या धंद्यातली "शून्य की एक" कुठली? शिवणकामात माप अंगाचं की कपड्याचं, केटरिंगमध्ये २०० माणसं की २०० ताटं, असं काहीतरी असतंच. ते शोधा आणि पुढच्या ऑर्डरच्या मेलमध्ये पहिला प्रश्न म्हणून टाका. सापडलं की व्हिडिओखाली लिहा, पुढच्या भागात त्यातल्या काहींचे मेल आपण एकत्र बसून लिहू.