रिकाम्या मेलला काय उत्तर द्यायचं?

आजचा विषय छोटा आहे, पण ऑफिसात रोज छळणारा. मेल येतो, त्यात ना विषय, ना मजकूर. अशा मेलला आपोआप जाणारं उत्तर कसं लिहायचं?

समजा, एका कर सल्लागाराचं तीन माणसांचं ऑफिस आहे. जुलै महिना, रिटर्न भरायची घाई. एक काका मोबाइलवरून फॉर्म-16 पाठवायला जातात, फाइल जोडायची राहते आणि सेंड दाबलं जातं. ऑफिसकडून उत्तर जातं, "आपला मेल मिळाला, लवकरच संपर्क करू." काका निर्धास्त होतात. खरा घोटाळा हाच! पोच मिळाली की माणसाला वाटतं, काम सुरू झालं. म्हणून काम सुरू झालेलं नाही, हे उत्तरात पहिल्यांदा सांगायचं.

तेही विषयातच. मूळ मेलला विषय नसेल, तर रिप्लायला नुसतं Re: लागतं आणि नोटिफिकेशनमध्ये काहीच कळत नाही. मग मसुदा असा:

विषय: तुमचा मेल रिकामा आला, काम सुरू झालेलं नाही

नमस्कार,
तुमच्या मेलमध्ये मजकूर किंवा फाइल काहीच नाही. याच मेलला रिप्लाय करून तुमचं पूर्ण नाव, मोबाइल नंबर आणि काम काय आहे ते लिहा. फाइल असेल तर जोडा. पासवर्ड किंवा ओटीपी पाठवू नका.
हे उत्तर आपोआप गेलं आहे. तुमचा रिप्लाय मात्र आमच्यापैकी कोणीतरी वाचेल.

"याच मेलला रिप्लाय करा" हे महत्त्वाचं. नवीन मेल लिहायला सांगितलं, तर तोही विषयाशिवाय येऊ शकतो.

आता एक गंमत बघा. बरेच जण गॅलरीतून फोटो शेअर करतात आणि काही न लिहिता पाठवतात. तो मेल रिकामा नसतो, त्यातला फोटो हाच निरोप असतो. म्हणून नियम लावताना विषय, मजकूर आणि जोडलेली फाइल, तिन्ही तपासा. फाइल असेल तर दुसरा मसुदा पाठवा: "फाइल मिळाली, पण कोणाची आणि कशासाठी ते कळलं नाही." उलट, खाली "Sent from my iPhone" एवढंच असेल, तर मशीनला मजकूर दिसतो. त्या ओळी वगळायला हव्यात.

दोन धोके आहेत. समोरही ऑटो-रिप्लाय असेल, तर दोन मशीन एकमेकांना उत्तरं देत बसतात. म्हणून ज्या मेलच्या हेडरमध्ये `Auto-Submitted: auto-replied` आहे, त्याला उत्तर द्यायचं नाही. आपल्या उत्तरालाही तोच हेडर लावायचा. आणि एका पत्त्याला दिवसातून एकदाच उत्तर जाऊ द्या.

दुसरा धोका असा, की काही रिकामे मेल तुमचा पत्ता चालू आहे का, हे बघायलाच येतात. त्यामुळे स्पॅम फोल्डरमधल्या मेलला उत्तर नको.

आणि हो, मसुदा तयार झाला की स्वतःच्या फोनवरून, तीन वेगवेगळ्या पत्त्यांवरून तीन मेल करून बघा: एक पूर्ण रिकामा, एक नुसता फोटो, एक नुसत्या सहीचा. तिन्हींना बरोबर उत्तर आलं, तरच तो चालू करा.