एचडीआरचा खर्च आणि साधा संगणक

पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा उजेड साधारणपणे ० ते २५५ या आकड्यांत मांडलेला असतो. २५५ च्या वर काही नाही. त्यामुळे उन्हातली पांढरी भिंत २५५ असेल, तर तिच्यामागचा सूर्यही २५५च. खऱ्या जगात या दोन्हींच्या तेजात प्रचंड अंतर असते. गेममधले हे अंतर राखण्यासाठी जी पद्धत वापरतात तिला हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे एचडीआर म्हणतात. दृश्याचा हिशेब होत असताना उजेडाचे आकडे हवे तितके मोठे ठेवायचे आणि अगदी शेवटी ते पडद्याला पेलतील असे दाबून बसवायचे. या दाबण्याला टोन मॅपिंग म्हणतात.

व्हॉल्व्ह कंपनीने २००५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘हाफ-लाइफ २: लॉस्ट कोस्ट’ हा छोटासा गेम मुख्यतः हेच दाखवण्यासाठी काढला. समुद्रकिनाऱ्यावरून कडा चढून खेळणारा एका जुन्या मठात पोहोचतो. काळोख्या चर्चमध्ये शिरल्यावर काही क्षण नीट दिसत नाही, मग डोळे सरावल्यासारखा आतला भाग उजळतो. पुन्हा बाहेर पडताच ऊन भपकन अंगावर येते. हे सगळे तेव्हाच्या अगदी साध्या मॉनिटरवर दिसत होते, हे महत्त्वाचे. आज एचडीआर म्हटले की अनेकांच्या मनात येतो तो एचडीआर टीव्ही किंवा मॉनिटर, ज्याचा पडदाच जास्त तेजस्वी असतो. गेमच्या आत चालणारा एचडीआर आणि पडद्याला पाठवला जाणारा एचडीआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फ्रेम रेट कशामुळे घटतो याबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच निघतात.

आधी गेमच्या आतल्या एचडीआरकडे पाहू. मोठे आकडे ठेवायला जागा जास्त लागते. १९२० बाय १०८० च्या चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. नेहमीच्या पद्धतीत एका ठिपक्याला ४ बाइट लागतात, म्हणजे चित्र ८.३ मेगाबाइटचे. १६ बिटांचे अपूर्णांकी आकडे ठेवले तर ८ बाइट, म्हणजे १६.६ मेगाबाइट. आकडा किरकोळ वाटतो, पण प्रत्येक फ्रेममध्ये हे चित्र अनेकदा लिहिले आणि वाचले जाते. असे सहा हेलपाटे धरले, तर सेकंदाला ६० फ्रेमसाठी ढोबळमानाने ३ गिगाबाइटची ने-आण ६ गिगाबाइटवर जाते. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याला याचे फारसे काही वाटत नाही. पण साध्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरला स्वतःची मेमरी नसते. डीडीआर४-२४०० ची एकच रॅमपट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ गिगाबाइट मिळतात, तेही मुख्य प्रोसेसरबरोबर वाटून घ्यायचे. अशा ठिकाणी वाढलेले ३ गिगाबाइट चांगलेच जाणवतात.

प्रत्येक गेम हा भुर्दंड सारखाच देत नाही. व्हॉल्व्हच्या सोर्स इंजिनाने यातून पळवाट काढली होती. ठिपका रंगवतानाच त्याचे टोन मॅपिंग उरकायचे आणि चित्र नेहमीच्या ४ बाइटांतच लिहायचे. दृश्य सरासरी किती उजळ आहे याची मोजणीही एका दमात न करता अनेक फ्रेममध्ये वाटून टाकलेली होती. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ने मात्र १६ बिटांचा सरळ रस्ता धरला. त्या काळच्या जीफोर्स ६ आणि ७ मालिकेतल्या कार्डांवर तो एचडीआर चालू केला की कडा गुळगुळीत करणारे अँटीअलायझिंग सोडावे लागे.

सोर्समध्ये जागेची बचत झाली, तरी ब्लूम उरतोच. ब्लूम म्हणजे तेजस्वी भागाभोवती दिसणारी प्रभा. त्यासाठी चित्राची लहान प्रत काढायची, तिच्यातला उजळ भाग निवडून धूसर करायचा आणि मूळ चित्रावर पुन्हा चढवायचा. दृश्यात एक माणूस असो की पन्नास, हे काम प्रत्येक फ्रेमला करावेच लागते. म्हणून सेटिंगमधला ‘Bloom’ हा मधला पर्याय वाटतो तितका स्वस्त नसतो.

हा खर्च फ्रेमच्या संख्येत न मोजता मिलिसेकंदांत मोजावा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. एचडीआरने ३ मिलिसेकंद घेतले तर १९.७ होतात आणि फ्रेम रेट ५१ वर येतो. मुळात २०० फ्रेम मिळत असतील तर तेच ३ मिलिसेकंद त्यांना १२५ वर आणतात, आणि पाहणाऱ्याला फरक कळतही नाही. व्ही-सिंक चालू असताना मात्र थोडा खर्चही महागात पडू शकतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेम १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंदांत तयार झाली, तर ती पडद्याच्या पुढच्या फेरीची वाट पाहत थांबते. मागे फक्त दोनच फ्रेमची जागा असेल तर वेग थेट ३० वर कोसळतो. अशा काठावरच्या संगणकावर एचडीआर बंद करण्याचा फायदा सर्वांत ठळक दिसतो.

सोर्स इंजिनाच्या गेममध्ये हे घरच्या घरी तपासता येते. कन्सोल उघडून आधी व्ही-सिंक बंद करायचे आणि मिनिटभराचा खेळ नोंदवायचा:

```
mat_vsync 0
record chachani
stop
```

मग तीच नोंद दोनदा चालवायची, एकदा पूर्ण एचडीआरसह आणि एकदा त्याशिवाय:

```
mat_hdr_level 2
timedemo chachani
mat_hdr_level 0
timedemo chachani
```

प्रत्येक फेरीअखेर कन्सोलमध्ये सरासरी फ्रेम रेट येतो. ओळी एकेक करून द्याव्यात आणि पहिली फेरी सोडून द्यावी, कारण तेव्हा डिस्कवरून सामान उचलण्यात वेळ जातो. समजा, एचडीआरसह ३१ आणि त्याशिवाय ४० फ्रेम मिळाल्या. म्हणजे ३२.३ आणि २५ मिलिसेकंद, खर्च सुमारे ७.३. अशा संगणकावर एचडीआर बंद ठेवणेच शहाणपणाचे. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर अडचण दुसरीकडे आहे. गेमचे रिझोल्यूशन निम्म्यावर आणून पाहावे. तरीही वेग वाढला नाही, तर मुख्य प्रोसेसर दमलेला आहे आणि एचडीआर बंद करून चित्र फिके होण्यापलीकडे काही साधणार नाही.

बंद करण्यात एक फसगतही आहे. सोर्सच्या नकाशांत भिंतींवरचा उजेड आधीच हिशेब करून साठवलेला असतो, आणि साध्या व एचडीआर पद्धतीसाठी त्याचे दोन वेगळे संच असतात. हौशी मंडळींनी बनवलेल्या काही नकाशांत फक्त एचडीआरचा संच असतो. तिथे एचडीआर बंद केला की सावल्याच नाहीशा होतात आणि सगळे सपाट, भगभगीत दिसते. संगणक बिघडलेला नसतो, नकाशात साधा उजेडच नसतो.

आजच्या बहुतेक मोठ्या गेममध्ये आतला एचडीआर बंद करण्याची सोयच नसते, कारण प्रकाशाचा सगळा हिशेब त्यावरच उभा असतो. तिथल्या मेनूतला ‘HDR’ हा पडद्यासाठीचा असतो. तो बंद केला तरी आतले अवजड काम तसेच चालू राहते, फक्त शेवटची पायरी बदलते. म्हणून फ्रेम रेटमध्ये सहसा फारसा फरक पडत नाही. याला अपवाद विंडोज ११ मधल्या ऑटो एचडीआरचा. ते जुन्या, साध्या गेमच्या प्रत्येक फ्रेमवर वरून वेगळी प्रक्रिया करते, आणि आधीच घाईला आलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर तेवढे काम वाढते. ते सेटिंग्जमधल्या ‘Display’ खाली ‘HDR’ मध्ये बंद करता येते. विंडोजचा अख्खा एचडीआर चालू-बंद करायला Win+Alt+B पुरते, त्यामुळे तोच प्रसंग दोन्ही प्रकारे खेळून फ्रेम रेट ताडून पाहणे सोपे जाते.