ऐंशी लाखांना काय उत्तर द्यायचं?

समजा, कोथरूडमधला तुमचा साडेसहाशे चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट पंच्याण्णव लाखांना विकायला काढलाय आणि पहिलाच गिऱ्हाईक ऐंशी म्हणतो. राग येतो. पण चिडून ‘परवडत नाही’ म्हणू नका, आणि मधला आकडाही देऊ नका. साडेसत्त्याऐंशीच का, याचं उत्तर तुमच्या एजंटाकडे नसेल, तर समोरचा अजून ओढणारच.

त्यापेक्षा नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून आपल्याच सोसायटीतल्या अलीकडच्या विक्रीची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, काढा. त्यात ‘मोबदला’ बघा. शेजारचा ‘बाजारभाव’ हा मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी आकडा असतो, तो धरू नका. तिथे तेवढ्याच कार्पेटचा फ्लॅट ८७ लाख ७५ हजारांना गेलेला दिसला, म्हणजे फुटाला साडेतेरा हजार. त्याला पार्किंग नव्हतं, तुम्हाला आहे. त्याचे तीन लाख मिळवा. बाथरूमची गळती तुम्हालाही माहीत आहे. प्लंबरच्या कोटेशनचे पाऊण लाख स्वतःहून वजा करा. आले नव्वद.

आता एजंट कागद समोर ठेवून सांगू शकतो, “साहेब, हा दर, हे पार्किंग, ही गळती. यातलं काय पटत नाही, ते सांगा.” गळतीची वजावट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिच्यामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

दस्त दोन वर्षांपूर्वीचा किंवा घरातल्या घरात झालेला असेल, तर तो उपयोगाचा नाही. नव्वदची मुदत आठ दिवस ठेवा आणि टोकन किती, कर्जमंजुरी कधीपर्यंत, हेही त्याच निरोपात कळवा.