खाऊनही अंग का झडते?

घरात कॅन्सरचे माणूस असले आणि ते वाळत चालले, की पहिला बोल सुनेला किंवा बायकोला लागतो, "नीट खाऊ घालत नाही." हा बोल बहुतेक वेळा चुकीचा असतो.

उपासमारीत शरीर आधी साठलेली चरबी वापरते आणि मांस होईल तेवढे राखते. जेवण मिळाले की अंग भरते. कॅन्सरमध्ये असे होत नाही. गाठीमुळे सगळ्या अंगात एक प्रकारची जळजळ चालू राहते. ती भूक मारते आणि स्नायूही झिजवते. त्यामुळे ताटात जास्त वाढले तरी गेलेले मांस सहज परत येत नाही. डॉक्टर याला कॅशेक्सिया म्हणतात. त्यात केमोमुळे मळमळ होते, तोंड येते, चव जाते.

ओळखायचे कसे? समजा तेल्हाऱ्याची एक बाई आजाराआधी ५० किलो होती. तीन महिन्यांत ती ४६ वर आली, म्हणजे शंभरात आठ भाग वजन गेले. सहा महिन्यांत शंभरात पाचपेक्षा जास्त भाग आपोआप गेले, तरी डॉक्टरांना सांगायला हवे. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा आणि वहीत लिहा. मात्र पायावर किंवा पोटात पाणी साचले, तर काटा फसवतो. म्हणून बांगड्या कोपराकडे सरकतात का, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का, हेही पाहा. स्नायू घटले की केमो जास्त बाधते आणि कधी डोस कमी करावा लागतो.

नुसती भाकरी वाढवून भागत नाही. या बाईला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतील. दोन भाकरींतून दहा-अकरा ग्रॅमच मिळतात. दोन अंडी, दोन पेले दूध, दोन वाट्या घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाण्यांचा कूट जोडला, की हिशेब ५५ च्या आसपास जातो. हे दोन ताटांत बसत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या. तोंड आले असेल तर ठेचा बंद ठेवा आणि भाकरी दुधात कुस्करून द्या. मूत्रपिंडाचा आजार किंवा शुगर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

उलटी, तोंडातले फोड, दुखणे आणि बद्धकोष्ठ यांवर औषधे आहेत. ती घेतल्याशिवाय घास उतरत नाही. झेपेल तेवढे अंगणात चालणेही हवे, कारण नुसते पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात.

आजार फार पुढे गेला, की खाण्याने वजन वाढत नाही. तेव्हा जबरदस्तीच्या घासाने उलटी आणि ठसकाच होतो. अशा वेळी तिला आवडेल ते चमचाभर द्या, ओठ ओले ठेवा. तिने नको म्हटले तर तो घरातल्या कोणाचाही दोष नाही, आजाराचा आहे.