जुन्या मृत्युपत्रास पुरवणी जोडावी, की नवे मृत्युपत्र करावे?

मृत्युपत्र एकदा करून कपाटात ठेवले, की पुढील पंधरा-वीस वर्षे त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. दरम्यान परिस्थिती बदलते. व्यवस्थापक म्हणून नेमलेली व्यक्ती निवर्तते, कोणाला दिलेली रक्कम आता अपुरी वाटू लागते, एखादी ठेव मोडलेली असते. अशा वेळी पुष्कळ जण मूळ कागदावरच पेनने खाडाखोड करतात, तर काही जण सारे मृत्युपत्र नव्याने लिहावयास घेतात. या दोहोंखेरीज कायद्याने दिलेला तिसरा मार्गही आहे. तो म्हणजे कोडिसिल, अर्थात पुरवणी मृत्युपत्र.

भारतीय वारसा अधिनियम, १९२५ मध्ये कोडिसिलची व्याख्या दिलेली आहे. मृत्युपत्रासंबंधी केलेला, त्यातील तरतुदींचा खुलासा करणारा, त्यांत बदल करणारा किंवा भर घालणारा दस्त म्हणजे कोडिसिल, आणि तो त्या मृत्युपत्राचाच भाग मानला जातो. हिंदीत कायद्याच्या पुस्तकांत यास ‘क्रोडपत्र’ म्हणतात. मराठीत वकील मंडळी बहुधा ‘कोडिसिल’ हाच शब्द वापरतात, आणि सामान्य वाचकाला ‘पुरवणी’ हा शब्द अधिक लवकर कळतो.

‘पुरवणी’ या शब्दामुळे मात्र एक गैरसमज होतो. हा दुय्यम कागद असल्याने साध्या सहीने भागेल, असे अनेकांना वाटते. तसे नाही. मृत्युपत्राला लागणारे सर्व सोपस्कार पुरवणीलाही लागतात. करणारी व्यक्ती सज्ञान आणि सुबुद्ध असावी लागते. तिने दस्तावर सही किंवा अंगठा करावा लागतो. निदान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असावी किंवा ‘ही माझीच सही आहे’ असे तिच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्या प्रत्येकाने तिच्या समक्ष स्वतःची सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असणे कायद्याने बंधनकारक नाही. मूळ मृत्युपत्राचेच साक्षीदार पुन्हा आणावेत, असाही नियम नाही.

मूळ कागदावर केलेल्या खाडाखोडीचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. त्या बदलाशेजारी समासात किंवा त्याविषयीच्या नोंदीखाली करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही नसेल, तर कायदा तो बदल जमेस धरत नाही. ‘दोन लाख’ या शब्दांवर रेघ मारून वर ‘पाच लाख’ लिहिले आणि सह्या घेतल्या नाहीत, तर मूळ शब्द वाचता येत असल्याने दोन लाखच कायम राहतात. उलट मूळ आकडा वाचताच येऊ नये इतका गिरवला, तर तो आकडा गेला आणि सह्यांअभावी नवाही लागू झाला नाही, अशी अवस्था होऊ शकते. भले करण्यासाठी केलेल्या दुरुस्तीने देणगीच धोक्यात येते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. इंदूर येथे राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने २००९ मध्ये मृत्युपत्र केले. राहते घर मुलाला, दागिने मुलीला, आजारपणात सेवा करणाऱ्या भाचीला दोन लाख रुपये आणि उर्वरित मालमत्ता दोन्ही मुलांना समान, अशी त्यात व्यवस्था होती. व्यवस्थापक म्हणून त्यांनी आपल्या दिरांना नेमले होते. पुढे दीर वारले. दोन लाखांचे मोलही पूर्वीचे राहिले नाही, म्हणून भाचीला पाच लाख द्यावेत असे बाईंच्या मनात आले. घर, दागिने आणि उर्वरित मालमत्ता यांबाबत त्यांचे मत जसेच्या तसे आहे. बदल दोनच, आणि दोन्ही एकेका वाक्यात सांगता येण्याजोगे. पुरवणी नेमकी अशाच प्रसंगासाठी असते.

बाईंनी घरीच कागद लिहिला: ‘माझ्या भाचीला मी पाच लाख रुपये देते.’ दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. दस्त विधिवत झाला, पण भाचीला किती मिळणार? बहुतेक वाचक पाच लाख असे उत्तर देतील. कायद्याचे उत्तर सात लाख असे आहे. एकाच व्यक्तीला एक रक्कम मृत्युपत्राने आणि दुसरी पुरवणीने दिली असेल, आणि दुसरी पहिलीच्या ऐवजी आहे की तिच्याशिवाय आहे हे दस्तातून कळत नसेल, तर त्या व्यक्तीला दोन्ही रकमा मिळतात, असा या अधिनियमाचा स्पष्ट नियम आहे. दोन्ही रकमा सारख्या असल्या तरीही तोच नियम लागतो. एकाच मृत्युपत्रात तीच रक्कम चुकून दोनदा लिहिली गेली, तर मात्र एकदाच मिळते. पुरवणी मृत्युपत्राचा भाग मानली जात असली, तरी या एका प्रश्नापुरती कायदा तिला वेगळी धरतो. जादा दोन लाख शेवटी मुलांच्या वाट्यातून जाणार, आणि आईच्या मनात काय होते यावर मामे-आते भावंडांत वाद उभा राहणार. हे सारे एका ‘ऐवजी’ या शब्दाने टळले असते.

म्हणून पुरवणीची भाषा काटेकोर हवी. बाईंचा मजकूर साधारण असा असावयास हवा होता: ‘मी दिनांक अमुक रोजी केलेल्या माझ्या मृत्युपत्राची ही पहिली पुरवणी आहे. त्या मृत्युपत्राच्या परिच्छेद ५ मध्ये भाचीस दिलेल्या रुपये दोन लाख या रकमेऐवजी रुपये पाच लाख देण्यात यावेत. परिच्छेद ९ मध्ये व्यवस्थापक म्हणून केलेली माझ्या दिरांची नेमणूक रद्द करून त्यांच्या जागी मी माझ्या मुलीस नेमते. या दोन बदलांखेरीज ते मृत्युपत्र मी कायम करते.’ मूळ मृत्युपत्राची तारीख, परिच्छेद क्रमांक, काय काढले, त्याजागी काय घातले आणि बाकीचे कायम, एवढा क्रम पाळला की गोंधळास जागा उरत नाही. मृत्युपत्र नोंदणीकृत असल्यास त्याचा नोंदणी क्रमांकही द्यावा. एकाहून अधिक मृत्युपत्रे झाली असतील, तर तारखेबाबत विशेष दक्षता हवी. रद्द झालेले मृत्युपत्र पुरवणीद्वारे पुन्हा जिवंत करता येते. त्यामुळे चुकून जुन्याच मृत्युपत्राची तारीख पडली, तर कोणते मृत्युपत्र खरे यावर वाद होऊ शकतो.

याच बाईंनी मध्यंतरी इंदूरचे घर विकून त्या पैशातून पुण्यात सदनिका घेतली असती, तर? नेमकी दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी देणाऱ्याच्या मालकीची नसेल किंवा तिचे रूपांतर वेगळ्या प्रकारच्या मालमत्तेत झाले असेल, तर ती देणगी रद्दबातल होते. पुण्याची सदनिका आपोआप मुलाकडे जात नाही. ती उर्वरित मालमत्तेत धरली जाऊन दोन्ही मुलांत विभागली जाईल. ‘घराऐवजी ही सदनिका मुलास’ एवढे पुरवणीने सांगता येते. परंतु सदनिकेची किंमत घराच्या कितीतरी पट असेल आणि त्यामुळे मुलीचा वाटाही नव्याने ठरवावा लागणार असेल, तर प्रश्न एका परिच्छेदाचा राहत नाही, सबंध वाटणीचा होतो. अशा वेळी नवे मृत्युपत्र करणे श्रेयस्कर. आधीच दोन पुरवण्या झालेल्या असतील तरी तिसरी जोडू नये, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. तीन-चार दस्त एकत्र वाचून अर्थ लावण्याचे काम अखेर शोकात असलेल्या मुलांवर पडते.

पुरवणी मूळ मृत्युपत्रासोबतच वाचली जात असल्याने कोणाचा वाटा कमी केला हे सर्वांना दिसते, हीदेखील लक्षात घेण्याची बाब आहे. भाचीची रक्कम वाढल्याचे दिसण्यात काही बिघडत नाही. एखाद्याचे नाव वगळल्याचे दिसले, की मनात कायमची अढी बसते. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींच्या बाबतीत विवाहाने आधीचे मृत्युपत्र रद्द होते, त्यामुळे विवाहानंतर नवे मृत्युपत्र करणेच सोयीचे. हिंदूंना हा नियम लागू नाही.

नव्या मृत्युपत्राच्या बाजूने एवढे सांगितल्यावर त्यातील जोखीमही सांगावयास हवी. वय झालेल्या व्यक्तीच्या दस्ताला सुबुद्धतेच्या किंवा दबावाच्या मुद्द्यावर आव्हान दिले जाते. संशयास्पद परिस्थिती असल्यास तो संशय दूर करण्याची जबाबदारी दस्त पुढे करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या व्यंकटचल अय्यंगार प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. पुरवणी न्यायालयात टिकली नाही, तर सामान्यतः तेवढा बदल जातो आणि मूळ मृत्युपत्र उभे राहते. नवे मृत्युपत्र टिकले नाही, तर त्यातील जुने रद्द करण्याचे कलमही टिकत नाही, म्हणून जुने पुन्हा पुढे आणता येते. पण ते हाती असावयास हवे. नवे होताच जुने फाडून टाकले असेल, तर मृत्युपत्रच नाही असे ठरून हिंदू वारसा अधिनियम, १९५६ प्रमाणे वाटणी होण्याची वेळ येऊ शकते. त्या वाटणीत मुलगा-मुलगी असताना भाचीला काहीही मिळत नाही. तेव्हा जुने मृत्युपत्र नष्ट करण्याची घाई करू नये. नव्यात मात्र ‘अमुक तारखेचे मृत्युपत्र व त्याच्या सर्व पुरवण्या रद्द’ असे लिहावे.

साक्षीदारांचा विचारही निर्णयाच्या वेळी करावा. न्यायालयात दस्त सिद्ध करताना, हयात आणि उपलब्ध असल्यास निदान एका साक्षीदाराची साक्ष लागते. पुरवणीचे साक्षीदार पुरवणीपुरते बोलतील, मूळ मृत्युपत्र वेगळे सिद्ध करावे लागेल. २००९ चे दोन्ही साक्षीदार हयात नसतील, तर त्यांच्या हस्ताक्षराची ओळख पटवून देणारे कोणी शोधावे लागते. बदल किरकोळ असूनही सारे नव्याने करण्यास हे एक सबळ कारण ठरते. नवे साक्षीदार वयाने लहान आणि वाटा न मिळणारे असावेत. ख्रिस्ती व पारशी यांच्या बाबतीत साक्षीदाराला किंवा त्याच्या पतीला अथवा पत्नीला दिलेली देणगी रद्द होते. हिंदूंच्या बाबतीत ती रद्द होत नसली तरी संशयाला वाव मिळतो.

मृत्युपत्राप्रमाणेच पुरवणीची नोंदणी ऐच्छिक आहे, आणि मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणीकृत मृत्युपत्रात बिगरनोंदणी पुरवणीने बदल करता येतो. तरीही मूळ दस्त नोंदवलेला असल्यास पुरवणीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावी. अन्यथा निबंधकाकडून मूळ दस्ताची नक्कल काढणाऱ्या वारसाला पुरवणीचा पत्ताच लागणार नाही. दोन्ही कागद एकाच पाकिटात ठेवून ते कोठे आहे हे व्यवस्थापकास सांगून ठेवावे.

वर दिलेले नियम मुस्लिम व्यक्तींच्या मृत्युपत्रांना लागू नाहीत, ती त्यांच्या व्यक्तिगत कायद्यानुसार होतात. गोव्यात २०१२ चा स्वतंत्र वारसा अधिनियम आहे. मृत्युपत्र तेथे विशेष नोटरीपुढे होते आणि मुलांसारखे निकटचे वारस असल्यास साधारणपणे निम्म्याच मालमत्तेची व्यवस्था स्वेच्छेने लावता येते. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता अमलात आली असून, तेथील रहिवाशांनी मृत्युपत्र अथवा पुरवणी करताना त्या संहितेच्या तरतुदी पाहाव्यात.