वाढ ३४ टक्के की १.३ टक्के?

देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या २०१९ मध्ये सुमारे १४.४२ कोटी होती. २०२० मध्ये करोनामुळे ती ६.३० कोटींवर आली. पुढच्या तीन वर्षांत ती ८.३८, १२.३२ आणि १५.२० कोटी झाली. हा धंदा किती वेगाने वाढला, याची उत्तरे मात्र एकाहून अधिक निघतात.

गेल्या वर्षाशी तुलना केली, की मिळते ती वार्षिक वाढ. ती अनुक्रमे उणे ५६, ३३, ४७ आणि २३ टक्के येते. या चार आकड्यांची सरासरी जवळपास १२ टक्के, पण ती फसवी आहे. ५६ टक्क्यांची घट भरून काढायला नंतर जवळपास १२९ टक्के वाढ लागते. साधी सरासरी हे पाहत नाही.

त्यासाठी चक्रवाढ वार्षिक दर, म्हणजे सीएजीआर काढतात. दरवर्षी एकाच दराने वाढ झाली असती, तर पहिल्या आकड्यावरून शेवटच्या आकड्यापर्यंत पोहोचायला किती दर लागला असता, ते तो सांगतो. एक्सेलमध्ये सूत्र असे:

```
=(15.20/14.42)^(1/4)-1
```

उत्तर १.३ टक्के. वर्षे पाच दिसली तरी मधली अंतरे चारच, म्हणून घातात ४. इथे ५ घालणे ही नेहमीची चूक.

आता सुरुवात २०१९ ऐवजी २०२० पासून धरा. सीएजीआर थेट ३४ टक्के! दोन्ही गणिते बरोबर आहेत. फरक आरंभवर्षाचा आहे. सीएजीआर फक्त दोन टोके पाहतो, मधला खड्डा त्याला दिसत नाही. आरंभाचा आकडा तोट्याचा, म्हणजे उणे असेल, तर हा दर काढताच येत नाही.

मग कधी काय वापरायचे? समजा, विमानतळावर तुमचा वडापावचा स्टॉल आहे. या दिवाळीत किती माणसे कामाला ठेवायची, हे ठरवायला वार्षिक वाढ पाहा. तिथेही एक पथ्य आहे. २०२२ ची दिवाळी ऑक्टोबरात होती, २०२३ ची नोव्हेंबरात. नुसत्या ऑक्टोबरची तुलना केली तर गर्दी ओसरल्यासारखी वाटेल, म्हणून दोन्ही महिने एकत्र धरावेत. जागेचा दहा वर्षांचा करार करायचा असेल, तर सीएजीआर कामाचा. पण वाईट वर्षात भाडे झेपेल का, हे तपासायला वर्षावर्षाचे आकडे शेजारी हवेतच.

कोणी भरघोस सीएजीआर दाखवला, तर सही करण्याआधी मोजणी कोणत्या वर्षापासून सुरू केली ते विचारा. आरंभवर्ष एक वर्ष मागे नेऊन दर पुन्हा काढून बघा. तो कोसळला, तर त्या आकड्यावर करार करू नका.